चादरीची नक्षी की साधी राखाडी भिंत?

मामांचं सोलापुरात चादरींचं दुकान. बाहेरगावच्या गिऱ्हाइकांशी बोलणं व्हिडिओ कॉलवर. बॅकग्राउंडसाठी मी दोन चित्रं केली, दोन्ही १९२०×१०८०.

पहिल्यात जेकार्ड चादरीची लाल-काळी नक्षी. दिसायला झकास, पण मामांनी मान हलवली की कानाजवळची नक्षी थरथरायची. कॉलचं अ‍ॅप मामांना खऱ्या भिंतीपासून कापून चित्रावर बसवतं; ती कापलेली कड जरा चुकली तरी ठळक रेघ मध्येच तुटलेली दिसते.

दुसऱ्यात मागच्या खऱ्या भिंतीचाच राखाडी रंग, नक्षी नाहीच. केसांभोवती खऱ्या भिंतीची जी पातळ किनार उरते, ती त्यात विरून जाते. फक्त मामांचे केस पांढरे, म्हणून डोक्यामागे रंग एक छटा गडद केला. किनार किंचित दिसते, पण चालतं. चादरीचा हट्ट होताच! ती कोपऱ्यात, धूसर करून, खांद्यापासून लांब ठेवली.