जीएसटीची कारणे दाखवा नोटीस: भरून मोकळे व्हावे, की उत्तर द्यावे?

DRC-01 ही नोटीस हाती आली की बहुतेक जण आधी रक्कम पाहतात. आधी कलम पाहा. कलम ७३ म्हणजे साधी चूक. ७४ म्हणजे फसवणूक किंवा माहिती लपवल्याचा आरोप आणि त्यात दंड कराइतकाच होऊ शकतो. २०२४-२५ पासूनच्या वर्षांना ७४अ लागू आहे, तिथले नियम वेगळे आहेत.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. हार्डवेअर व्यापारी, वर्ष २०२२-२३, कलम ७३. GSTR-3B विवरणपत्रात घेतलेले खरेदीवरील कराचे क्रेडिट पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून तयार होणाऱ्या GSTR-2B पेक्षा ३,६०,००० रुपयांनी जास्त, म्हणून तेवढी मागणी, निम्मी केंद्राची, निम्मी राज्याची.

सगळे भरून टाकले तर? नोटीस निघाल्यापासून ३० दिवसांत कर आणि व्याज DRC-03 ने भरले, तर दंड नाही आणि प्रकरण तिथेच बंद होते. मनःशांती मिळते खरी, पण हक्काचे क्रेडिटही जाते.

सगळेच नाकारले तर? हरल्यास १० टक्के, म्हणजे ३६,००० रुपये दंड, व्याज वेगळे. अपिलात जाताना वादातल्या कराच्या १० टक्के आधी भरावे लागतात.

म्हणून मी आधी फरक फोडून पाहतो. इथे २,२०,००० रुपये मार्च २०२२ च्या 2B मधल्या बिलांचे निघाले. ते क्रेडिट ३० नोव्हेंबर २०२२ च्या आत घेतले होते, म्हणजे मुदतीत. पुरावा म्हणून त्या 2B चे पान आणि २०२१-२२ च्या GSTR-9 या वार्षिक विवरणपत्राचा तक्ता 8C पुरतो. ९०,००० रुपये नोंदणी नसलेल्या मालवाहतूक एजन्सीच्या भाड्यावर आरसीएमने, म्हणजे पुरवठादाराऐवजी व्यापाऱ्याने स्वतः भरलेल्या कराचे. ते 2B मध्ये येतच नाही. 3B च्या 3.1(d) मध्ये भरलेले आणि 4(A)(3) मध्ये घेतलेले दाखवता येते. उरलेले ५०,००० मात्र पुरवठादाराने कधीच दाखवलेले नाहीत. ते लढवण्यात अर्थ नाही. तेवढ्याच रकमेवर किमान दंड केंद्राचा १०,००० आणि राज्याचाही १०,००० बसू शकतो.

माझा कल स्पष्टपणे या तिसऱ्या वाटेकडे आहे: ५०,००० व्याजासह ३० दिवसांत भरा आणि ३,१०,००० साठी DRC-06 ने उत्तर द्या. जोखीम एवढीच, की दंडमाफी कायद्याने पूर्ण कर भरणाऱ्याला आहे. म्हणून भरलेल्या भागावर दंड लावू नये, ही विनंती उत्तरात वेगळी लिहा.

उत्तराची रचना नोटिशीच्या परिच्छेदांनुसारच ठेवा. सुरुवातीला तिन्ही रकमांचा तक्ता द्या, बेरीज नोटिशीतल्या आकड्याशी जुळलीच पाहिजे. मग प्रत्येक रकमेखाली वस्तुस्थिती, नियम आणि जोडपत्राचा क्रमांक. बेरीज जुळली नाही, तर अधिकारी उरलेला फरक तुमच्याच नावे धरतो. DRC-06 मध्ये प्रत्यक्ष सुनावणीला ‘होय’ म्हणा. आणि नोटिशीत नसलेल्या मुद्द्यावर आदेश आला, तर कलम ७५(७) नुसार तो टिकत नाही.