गटाच्या सादरीकरणाला मुलांनीच गुण द्यायचे: चार निकषांची चिठ्ठी सात महिने वापरल्यानंतर

चोपडा तालुक्यातल्या एका शाळेत मी नववीला विज्ञान आणि भूगोल शिकवते. वर्गात ४८ मुलं, सहा-सहांचे आठ गट. गटाने सादरीकरण करायचं आणि बाकीच्या गटांनी त्याचं मूल्यमापन करायचं, हे ऑगस्टपासून चालू आहे. आतापर्यंत चार फेऱ्या झाल्या. निकष आणि गुण यांचा हा तक्ता, म्हणजे रुब्रिक, पहिल्या फेरीत फसला होता, आता तो बऱ्यापैकी बसलाय. मधल्या काळात काय काय बदललं ते लिहिते, कारण तयार तक्ता झेरॉक्स करून वाटला की काम होत नाही.

पहिला तक्ता मी घाईत बनवला होता. विषयज्ञान, आत्मविश्वास, शुद्ध भाषा, सादरीकरण कौशल्य आणि सहकार्य असे पाच निकष, प्रत्येकाला १ ते ५ गुण. प्रत्येक मुलाने प्रत्येक गटासाठी एक कागद भरायचा. एका सादरीकरणाला ४२ कागद आणि आठ गटांचे मिळून ३३६. ते मोजण्यात माझा अख्खा रविवार गेला आणि हाती आलं काय, तर जवळजवळ सगळीकडे ४. मुलांना दोष देता येणार नाही. ‘सादरीकरण कौशल्य’ म्हणजे नेमकं काय बघायचं हे मीच सांगितलं नव्हतं. काय बघायचं ते कळलं नाही की मूल चेहरा बघतं, मैत्री बघतं, नाहीतर सुरक्षित आकडा टाकून मोकळं होतं.

४ नसलेले मोजके कागद मात्र मला जास्त लागले. एका गटात एक मुलगी होती, घरी अहिराणी बोलणारी. तिच्या गटात विषय सगळ्यात नीट तिलाच कळला होता. पाणी जमिनीत कसं मुरतं हे तिने वाळू आणि चिकणमातीचे दोन डबे समोर ठेवून दाखवलं, बोलताना मात्र मधूनमधून अहिराणी येत होती. ‘शुद्ध भाषा’ आणि ‘आत्मविश्वास’ या दोन्ही रकान्यांत तिच्या गटाला १ आणि २ आले. पुढच्या वेळी ती बोलायला तयार नव्हती. “मॅडम, मनी भाषा शुद्ध नही,” एवढंच म्हणाली. ही चूक तिची नव्हती आणि गुण देणाऱ्यांचीही नव्हती. तो रकाना मी आखला होता. ते दोन्ही निकष मी त्याच दिवशी काढून टाकले.

त्यानंतर निकष निवडताना मी एकच कसोटी लावली: ऐकणाऱ्या मुलाला त्यासाठी बोट दाखवता आलं पाहिजे. दिसलं, ऐकू आलं, मोजता आलं, तरच तो निकष. आत्मविश्वास मोजता येत नाही, पण शेवटच्या बाकावर आवाज पोचला की नाही हे तिथे बसलेल्याला पक्कं माहीत असतं. अशा चार गोष्टी उरल्या. पाचच्या ऐवजी गुणही ३, २, १ एवढेच ठेवले आणि प्रत्येक गुणाचा अर्थ एका वाक्यात लिहिला.

पहिला निकष ‘मुद्दा पोचला का’. सादरीकरण संपलं की ऐकणाऱ्या गटातल्या प्रत्येकाने फळ्याकडे न बघता वहीत एक वाक्य लिहायचं: हे लोक मुख्य काय सांगत होते? सहाही जणांची वाक्यं जवळपास एकच बोलत असतील तर ३, काहींचीच जुळली तर २, जुळलीच नाहीत तर १. चारांत हा मला सगळ्यात आवडतो, कारण इथे मत द्यावं लागत नाही, सहा वह्या शेजारी ठेवल्या की उत्तर समोर असतं. दुसरा निकष ‘कुठून कळलं’. माहिती कुठून आणली हे बोलताना दोन किंवा अधिक वेळा सांगितलं तर ३, एकदा सांगितलं तर २, एकदाही नाही तर १. पुस्तकाचं पान चालतं, शेतात जाऊन पाहिलेलं चालतं, आजोबांना विचारलेलंही चालतं. तिसरा ‘ऐकू आलं, दिसलं’: शेवटच्या बाकापर्यंत आवाज आला आणि चार्टवरची अक्षरंही वाचता आली तर ३, दोनांपैकी एकच जमलं तर २, एकही नाही तर १.

चौथ्या निकषाने गटातली खरी वाटणी उघडी पडते. सादरीकरणानंतर ऐकणारे दोन प्रश्न विचारतात आणि उत्तर कोणी द्यायचं ते नावाची चिठ्ठी काढून ठरतं. ज्याचं नाव निघालं त्याने स्वतः उत्तर दिलं तर ३, सोबत्याच्या मदतीने दिलं तर २, गटात कोणालाच सांगता आलं नाही तर १. “आत्ता माहीत नाही, शोधून उद्या सांगतो” याला काय द्यायचं यावर वर्गात वाद झाला. शेवटी मुलांनीच २ ठरवले, पण दुसऱ्या दिवशी खरंच सांगितलं तरच. दोन प्रश्नांना वेगवेगळे गुण पडले तर कमी असलेला धरायचा. पूर्वी एक मुलगा सगळं पाठ करायचा आणि बाकीचे पाच चार्ट धरून उभे राहायचे. नावाची चिठ्ठी निघू लागल्यावर तालमीत ते एकमेकांना प्रश्न विचारू लागले. त्यासाठी मला वेगळं काही सांगावं लागलं नाही.

कागदांचा ढीगही असाच कमी झाला. आता प्रत्येक गट मिळून एकच चिठ्ठी भरतो, म्हणजे एका सादरीकरणाला सात आणि पूर्ण फेरीला ५६. फक्त आधी प्रत्येकाने आपापले आकडे वहीत टाकायचे आणि मगच बोलायचं, नाहीतर गटातला मोठ्या आवाजाचा मुलगा सांगेल तेच लिहिलं जातं. सहा मिनिटं सादरीकरण, दोन मिनिटं प्रश्न, तीन मिनिटं चिठ्ठी. ३५ मिनिटांच्या तासात तीन गट होतात. चिठ्ठी त्याच तीन मिनिटांत भरून घ्यायची. एकदा मी “शेवटी सगळ्या एकदम भरा” म्हटलं, तर पहिल्या गटाचं कोणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

सात चिठ्ठ्यांची सरासरी मी काढत नाही, मध्यक घेते. आकडे चढत्या क्रमाने मांडायचे आणि चौथा उचलायचा. नववीच्या सांख्यिकीत मध्यक आहेच, त्यामुळे गणित मुलंच करतात. मैत्रीत एखाद्या गटाने सरळ ३ ठोकले किंवा भांडणात १ दिला, तरी त्या एका चिठ्ठीने मध्यक फारसा हलत नाही.

डिसेंबरमधल्या फेरीतला एक गट उदाहरणाला घेते. विषय होता केळीवरचा सीएमव्ही हा विषाणूजन्य रोग, आपल्याकडे शेतकरी ज्याला हरण्या म्हणतात तो. ‘मुद्दा पोचला’ला सात चिठ्ठ्यांत ३, ३, २, ३, २, ३, ३ आले, मध्यक ३. ‘कुठून कळलं’ला २, १, २, २, ३, १, २, मध्यक २. ‘ऐकू आलं, दिसलं’ला १, २, १, २, २, १, १, मध्यक १. प्रश्नांना ३, २, ३, ३, ३, २, ३, मध्यक ३. एकूण १२ पैकी ९. मी स्वतःही दर वेळी एक चिठ्ठी भरते. माझे बाकीचे आकडे जुळले, पण ऐकू येण्याला मी ३ दिले होते. असं का झालं ते पाहिलं तर मी फळ्याजवळ उभी होते. शेवटच्या बाकावर आवाज जात नव्हता, आणि पानावरच्या पिवळ्या रेषा दाखवणारं चित्र वहीच्या पानाएवढं होतं. मुलांचा १ बरोबर होता. तेव्हापासून मी सादरीकरणाच्या वेळी मागे जाऊन बसते.

आकड्यांखाली दोन ओळी असतात: एक जमलेली गोष्ट आणि एक पुढच्या वेळी करायची गोष्ट. दोन्हींत प्रत्यक्ष पाहिलेलं किंवा ऐकलेलं काहीतरी असलंच पाहिजे. ‘छान’, ‘मस्त’ एवढंच असेल तर चिठ्ठी परत जाते. साटंलोटंही इथेच पकडलं जातं. चारही रकान्यांत ३ आणि खाली मोघम शब्द, अशा दोन चिठ्ठ्या दोन गटांनी एकमेकांना दिल्या असतील, तर ते आधी ठरलेलं असतं. पहिल्या फेरीत असं ठरवून गुण देणं फार झालं, कारण हे गुण अंतर्गत मूल्यमापनात धरेन असं मी जाहीर केलं होतं. दुसऱ्या फेरीपासून धरत नाही. गटाला फक्त चिठ्ठ्या आणि मध्यक मिळतात, गुण माझे मी वेगळे देते. त्यानंतर खालच्या ओळी खूपच खऱ्या झाल्या.

सुरू करणाऱ्यांना एक सांगते, सराव घेतल्याशिवाय उतरू नका. मी स्वतः तापी नदीवर चार मिनिटं बोलले आणि मुद्दाम चुका ठेवल्या. अक्षरं बारीक काढली आणि माहिती कुठून आणली ते एकदाही सांगितलं नाही. तरी दुसऱ्या निकषाला चार गटांनी ३ दिले. विचारलं तर एक मुलगा म्हणाला, “मॅडम, तुम्ही सांगितलं म्हणजे खरंच असेल ना.” त्यावर बोलण्यात अख्खा तास गेला. पुढच्या सगळ्या फेऱ्यांना तो तास उपयोगी पडला.

या चिठ्ठीची मोठी मर्यादा त्याच हरण्याच्या सादरीकरणात कळली. गटाने सांगितलं की फवारणी केली की रोग जातो, आणि हे औषधाच्या दुकानात विचारलं असंही सांगितलं. स्रोत सांगितला म्हणून चिठ्ठीप्रमाणे गुण मिळाले, पण माहिती चुकीची होती. हा विषाणू मावा किडीमुळे पसरतो. फवारणीने मावा आटोक्यात येतो, पण लागण झालेलं झाड बरं होत नाही, ते उपटून नष्ट करावं लागतं. सातपैकी सहा चिठ्ठ्यांत यावर एक अक्षर नव्हतं. सातव्या चिठ्ठीत खालच्या ओळीत जागा पुरली नाही म्हणून मागच्या बाजूला लिहिलं होतं: “आमच्या पप्पांनी फवारलं होतं तरी झाडं उपटावी लागली. फवारणीने रोग जातो हे पटलं नाही.” ते मी वर्गात वाचून दाखवलं आणि चूक तिथेच दुरुस्त केली.

माहिती खरी की खोटी हे या चार निकषांत कुठेच बसत नाही आणि नववीच्या मुलांकडून प्रत्येक विषयात ती अपेक्षा ठेवताही येणार नाही. ते काम शिक्षकाचंच आहे. तरी फेब्रुवारीच्या फेरीत मी चिठ्ठीवर आणखी एक ओळ छापली, गुण नसलेली: ‘यातलं काही पटलं नाही का? का?’ ५६ पैकी नऊ चिठ्ठ्यांत ती भरलेली होती. त्यातली एक माझ्या सुरुवातीच्या त्या मुलीच्या गटाची होती. अक्षर तिचंच, आणि ओळ अर्धी अहिराणीत.