"वायफाय कार्ड जळलंय" : लॅपटॉप दुरुस्तीतली एक फसवणूक

कीबोर्ड बदलायला दिलेला लॅपटॉप परत आला तेव्हा टास्कबारवरचं वायफायचं चिन्ह गायब होतं. दुकानदाराचं निदान तयारच होतं: "आत पाणी गेलं होतं, वायफाय कार्ड जळलंय. नवं टाकावं लागेल." काम अडलं होतं, त्यामुळे मी कार्डाचे वेगळे पैसे भरले. लॅपटॉप परत मिळाला आणि वायफाय सुरू झालं.

बिंग फुटलं ते घरच्या राउटरमुळे. माझ्या राउटरवर मॅक फिल्टर लावलेला आहे, म्हणजे यादीत ज्याचा मॅक पत्ता आहे तेच उपकरण जोडलं जातं. हा पत्ता प्रत्येक वायफाय कार्डाचा स्वतःचा असतो. नवं कार्ड आलं असतं, तर राउटरने लॅपटॉपला दारातच अडवलं असतं आणि मला यादीत नवा पत्ता भरावा लागला असता. इथे तर लॅपटॉप चालू करताच जोडला गेला! कमांड प्रॉम्प्ट उघडून ही आज्ञा दिली:

```
ipconfig /all
```

वायफायच्या भागात Physical Address पुढे आलेला पत्ता आणि राउटरच्या यादीतला जुना पत्ता अक्षर न् अक्षर सारखाच होता. (विंडोजमध्ये Random hardware addresses चालू असेल तर इथे खोटा पत्ता दिसू शकतो. माझ्याकडे ते बंद होतं.) म्हणजे कार्ड जुनंच होतं, आणि ते जळलेलंही नव्हतं.

मग इतके दिवस वायफाय कुठे गेलं होतं? मला एक गोष्ट आठवली. वायफाय नव्हतं तेव्हाही माझा ब्लूटूथ माउस चालत होता. बहुतेक लॅपटॉपमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ एकाच छोट्या कार्डावर असतात. कार्ड सैल बसलं किंवा पूर्ण जळलं, तर सहसा दोन्ही जातात. ब्लूटूथ जिवंत आणि वायफाय तेवढं नाहीसं, हे पाहून मला बायोसचा, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगचा, संशय आला. लॅपटॉप सुरू होताना F2 दाबून (काही मॉडेलवर F10, Esc किंवा Delete असतं) मी बायोसमध्ये गेलो. तिथे Wireless LAN आणि Bluetooth यांची दोन वेगळी बटणं सापडली. वायफायचं बटण Disabled करून, बदल सेव्ह करून लॅपटॉप पुन्हा चालू केला, तर हुबेहूब तेच दृश्य: चिन्ह गायब आणि माउस चालू.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये हा फरक आणखी स्पष्ट दिसतो. नुसता ड्रायव्हर गेला असेल, तर विंडोजला कार्ड दिसत असतं, फक्त ते ओळखता येत नाही. तेव्हा Other devices खाली पिवळ्या खुणेसह Network Controller अशी ओळ येते आणि तिच्या माहितीत Code 28 लिहिलेला असतो. त्यावर उपाय म्हणजे लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर घेणं. इंटरनेट नसेल तर फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग करता येतं. बायोसमधून बंद केलेलं असेल तर मात्र कार्डाची ओळच नसते, पिवळी खूणही नसते. Show hidden devices केलं तर जुनं नाव फिकट दिसतं आणि त्यावर Code 45 असतो, म्हणजे उपकरण जोडलेलं नाही. कार्डाची वायफायची बाजू खरंच मेली असेल तरीही असंच दिसू शकतं, म्हणून कार्ड बदलण्याआधी बायोसमधलं बटण बघायचं. ते Enabled असूनही ओळ येत नसेल, तर मग कार्ड उघडून बघायला हरकत नाही. बायोसला हात लावण्याआधी विंडोजची डिस्क कुलूपबंद करणाऱ्या बिटलॉकरची रिकव्हरी की मात्र जवळ ठेवा. बदलानंतर ती मागितली जाऊ शकते.

दुकानदाराने ते बटण मुद्दाम बंद केलं का, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण बायोस मूळ सेटिंगवर गेला तर सहसा वायफाय चालूच राहतं, बंद होत नाही. त्यामुळे "बॅटरी काढल्यामुळे झालं असेल" ही सबब मला पटली नाही.

दुकानात जाऊन मी फक्त जळलेलं कार्ड मागितलं. "ते फेकलं," तो म्हणाला. मग मी राउटरच्या यादीचा आणि त्या आज्ञेच्या उत्तराचा असे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले. त्यावर त्याची भाषा बदलली: कार्ड "काढून, साफ करून परत बसवलं" होतं आणि बिलात "चुकून" नवं लिहिलं गेलं. कार्डाचे पैसे त्याने परत दिले, साफ करण्याची मजुरी मात्र कापून घेतली. त्यावरून मी आणखी वाद घातला नाही, पण बिल त्याच्याकडून दुरुस्त करून घेतलं, कारण त्यावर नव्या कार्डाची वॉरंटीही छापलेली होती.