फोटो बघून बटाटे-रताळी घेणं: पावसाळाभराचा अनुभव

आमच्या गल्लीत भाजी आणणारे मामा खानापूरकडच्या शेतकऱ्यांचा माल उचलतात आणि सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकतात. आपण हवं ते सांगायचं, दुपारपर्यंत पिशवी दारात. पावसाळा सुरू झाल्यापासून आमची बहुतेक भाजी अशीच येते. पालेभाजी, वांगी, केळी यांचा अंदाज फोटोवरून बऱ्यापैकी येतो. खरी गोम बटाट्यात आहे.

बटाट्याला उजेड लागला की सालीखाली हिरवा रंग धरतो. तो रंग हरितद्रव्याचा, म्हणजे स्वतः निरुपद्रवी. पण त्याच उजेडाने सोलॅनिनसारखी कडू, विषारी द्रव्यंही वाढतात आणि ती उकडून जात नाहीत. आता पावसात मामांचा माल निळ्या-हिरव्या ताडपत्रीखाली. एकदा फोटोत सगळी बुट्टीच हिरवट दिसली. मी त्यांना म्हटलं, "मामा, बटाट्याशेजारी एक पांढरा कागद ठेवून परत काढा की." ते म्हणाले, "काय वैनी, आता बटाट्याचं लग्न ठरवायलाय काय!" पण काढला. कागदही तेवढाच हिरवा दिसला, म्हणजे रंग ताडपत्रीचा. तरी दोन बटाटे असे निघाले, की त्यांची एकच बाजू शेजारच्यांपेक्षा जास्त हिरवी होती. तेवढे बाजूला काढायला सांगितले. ताडपत्रीची छटा सगळ्यांवर सारखी पडते, खरा हिरवेपणा उजेडाकडच्या अंगालाच असतो. उलट पिवळ्या बल्बखाली फिकट हिरवा पार लपतो, म्हणून रात्रीच्या फोटोवर मी बटाटा घेत नाही. फ्लॅशही नको, त्याच्या चकाकीत ओले डाग दिसत नाहीत.

घरी आल्यावर बटाटे न धुता, अंधाऱ्या कोपऱ्यात, गोणपाटावर पसरून ठेवते. कांद्यापासून लांब. फ्रीजमध्ये ठेवले तर पिठाची साखर होते आणि तळताना काप लगेच काळपट होतात. कोंब आलेला, पण घट्ट बटाटा कोंब व डोळा खोल काढून चालतो; बराच हिरवा किंवा कडू लागला तर सरळ टाकायचा.

रताळ्यांच्या बाबतीत मात्र फोटोला माझे गुण कमी. तांबड्या मातीत सोंड्या भुंग्याची बारीक भोकं लपतात, आणि आत अळीने पोखरलेलं रताळं शिजवूनही कडूच राहतं. मामा कोरड्या फडक्याने माती पुसून फोटो देतात, तेव्हा वरची भोकं दिसतात, आतलं नाही. त्यामुळे नवरात्रातल्या उपवासाला घेताना एखादं कापून दाखवा म्हणते. रताळीही फ्रीजबाहेरच ठेवावीत. साधारण 12 अंशांखाली फार दिवस राहिली तर मधला गर शिजूनही टणक राहतो. आमच्याकडे ती वर्तमानपत्रात गुंडाळून बुट्टीत असतात, आणि ज्याला ओलसर खरचटा असेल ते त्याच दिवशी उकडायला जातं.