नावबदलाची तारीख: कात्रणं की राजपत्र?

गावांची जुनी-नवी नावं आणि बदलाच्या तारखा यांचा तक्ता करायला बसलात की दोन वाटा समोर येतात: वर्तमानपत्रांची कात्रणं, नाहीतर शासनाचं राजपत्र. मी चाळीसगावच्या एका वाचनालयासाठी असा तक्ता केला, तेव्हा सुरुवात कात्रणांपासूनच केली. ती हाताशी असतात, वाचायला सोपी असतात आणि नाव का बदललं, विरोध कुणाचा होता, हेही सांगतात. राजपत्रात यातलं काही नसतं.

पण कन्नड घाटापलीकडच्या शहरापाशी अडलो. औरंगाबादच्या ओळीत मी २९ जून २०२२ लिहिलं होतं. तक्ता वाचताना एका वकील मित्राने तिथेच बोट ठेवलं. ‘‘भाऊ, हाई तारीख कसानी शे?’’ तारीख होती मंत्रिमंडळाच्या निर्णयाची. त्या दिवशी ठरलेलं नावही नुसतं ‘संभाजीनगर’ होतं. सरकार बदललं, १६ जुलैला नव्याने निर्णय झाला आणि ‘छत्रपती’ हा शब्द त्यात आला. केंद्राची मंजुरी मिळून शहराचं नाव खऱ्या अर्थाने बदललं ते २४ फेब्रुवारी २०२३ला. जिल्ह्याचं नाव मात्र तेव्हा बदललं नव्हतं. त्यासाठी आधी हरकती मागवल्या गेल्या आणि अंतिम अधिसूचना सप्टेंबर २०२३मध्ये निघाली. रेल्वे स्थानकाचं नाव तर ऑक्टोबर २०२५मध्ये बदललं.

कात्रणांमध्ये यातल्या जवळपास प्रत्येक टप्प्याला ‘नामांतर झालं’ असाच मथळा होता. बातमी त्या दिवसापुरती खरी असते, पण तक्त्यात चुकीची ठरते. मला सर्वात जास्त सतावलं ते हेच.

राजपत्रात नाव, हद्द आणि तारीख एकत्र मिळतात. मात्र तिथेही एक पाहायला हवं. ‘हरकती व सूचना’ मागवल्या असतील तर तो मसुदा, त्यावरून तारीख घ्यायची नाही. शहर, तालुका, जिल्हा यांपैकी कशाचं नाव बदललं तेही नीट वाचावं. मी आता तक्त्यात ‘कशाचं नाव’ असा वेगळा रकानाच ठेवला आहे.

फार जुन्या बदलांसाठी राजपत्र कामाचं नाही, हे मान्य. अकबराने १६०१मध्ये असीरगड घेतल्यावर शहजादा दानियालवरून खानदेशाला ‘दानदेश’ म्हटलं गेलं, ते शोधायला १८८०चं खानदेश गॅझेटियरच उघडावं लागतं. घरातले जुने कागदही इथे मदतीला येतात. आमच्या आजोबांच्या खरेदीखतावर ‘जिल्हा पूर्व खानदेश’ आहे. खानदेशाचे दोन जिल्हे १९०६मध्ये झाले आणि १९६०मध्ये पूर्व खानदेशाचा जळगाव जिल्हा झाला, त्यामुळे तारीख पुसली गेली असली तरी कागदाचा काळ साधारण कळतो.

कारणं आणि वाद हवे असतील तर कात्रणं जरूर ठेवा, मीही फेकलेली नाहीत. तारखेच्या रकान्यात मात्र मी राजपत्र हाती येईपर्यंत पेन्सिलनेच लिहितो.