कंटिन्युइटीसाठी वही धरायची की मोबाइल? एका सीनवरून तुलना

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात चार-पाच दिवसांत शूट होणाऱ्या शॉर्ट फिल्म आणि वेब सिरीजमध्ये कंटिन्युइटीसाठी वेगळा माणूस क्वचितच असतो. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या असिस्टंटकडे ते काम येतं. मग पहिलाच प्रश्न पडतो की छापील स्क्रिप्टची फाइल घेऊन बसायचं, की मोबाइलवर फोटो काढून ग्रुपमध्ये टाकत राहायचं. ऑनलाइन शीट भरणं हा तिसरा पर्यायही कुणी ना कुणी सुचवतंच.

निवड करायला एक सीन डोळ्यांसमोर घेऊ. सीन १४, खानापूरच्या बाजूचा एक जुना वाडा, संध्याकाळ. वडील लाकडी खुर्चीत बसलेत, मुलगी समोर खाली चटईवर आहे. तिच्या हातात कपबशी, दोघांच्या मध्ये स्टुलावर बशीत कुंदा, मागे भिंतीवर घड्याळ. वडील म्हणतात, “उताऱ्यावर तुझं नाव चढवलंय.” ते ऐकता ऐकता मुलगी कप बशीत ठेवते. पहिल्या दिवशी मास्टर आणि वडिलांचा क्लोज झाला. वडिलांचं काम करणाऱ्या नटाचा रात्री कोल्हापुरात प्रयोग, म्हणून तो निघून गेला. मुलीचा क्लोज दुसऱ्या दिवशी, समोर कुणी नसताना घ्यायचा आहे.

या सीनमध्ये जपायच्या तीन गोष्टी आहेत आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा आहे. साडी, पदर, कुंद्याची बशी आणि घड्याळ म्हणजे स्थिती. कप नेमका कधी ठेवला, ही क्रिया. मुलगी कुठे बघते, तो लुक. वही आणि मोबाइल यांची तुलना या तिन्हींवर वेगवेगळी करावी लागते.

स्थिती: इथे मोबाइलच

पदर डाव्या खांद्यावर कुठे पिन केलाय, निऱ्या किती दिसतात, कुंकू किती मोठं आहे, हे शब्दांत लिहायला गेलं तर अर्धं पान भरतं आणि तरी ड्रेसमनला नीट कळत नाही. त्यात आपल्याकडे युनिट दोन भाषांचं असतं. ड्रेसमन कन्नड वाचणारा, आर्टवाला मराठी आणि लाइटचा मुलगा दोन्ही बोलणारा पण लिहिण्यात कच्चा, असं सर्रास असतं. देवनागरीतली चिठ्ठी निम्म्या लोकांच्या उपयोगाची नाही, फोटो मात्र सगळ्यांना वाचता येतो. स्थितीसाठी मोबाइल निवडायला एवढं एक कारण पुरेसं आहे.

फोटो कधी काढायचा, याला महत्त्व आहे. “कट” झाल्याबरोबर, कुणी हलायच्या आत. डिरेक्टरशी आधीच बोलून ठेवा, की कटनंतर दहा सेकंद कंटिन्युइटीची. टेकच्या आधी काढलेला फोटो फक्त सुरुवात दाखवतो, आणि पुढचा शॉट बऱ्याचदा सीनच्या शेवटाशी जुळवायचा असतो. म्हणून दोन्ही हवेत. कपड्यांसाठी समोरून, दोन्ही बाजूंनी, मागून आणि हातांचा जवळून, असे पाच फोटो पुरतात. वस्तूंसाठी एक कॅमेऱ्याच्या जागेवरून आणि एक वरून. कॅमेऱ्याच्या जागेवरचा फोटो नसेल, तर स्टूल दोन बोटं सरकलंय की नाही, हे दुसऱ्या दिवशी छातीठोकपणे सांगता येत नाही.

मोबाइल चुकतो तो मुख्यतः रंगात आणि आरशात. फोन दर फोटोला रंग आपल्या मनाने बदलतो. शहापूरची मोरपंखी साडी पिवळ्या बल्बखाली हिरवट दिसते, खिडकीपाशी निळसर. फोटोवरून रंग ठरवू नका, रंगासाठी खरं कापड बघा. सेल्फी कॅमेरा वापरू नका, काही फोन तो फोटो उलटा साठवतात आणि डाव्या हातातल्या बांगड्या उजव्या हातात जातात. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, नाहीतर मागचं घड्याळ धूसर होतं आणि वेळ वाचता येत नाही. घड्याळाचा सेल काढून काटे ७:४० वर ठेवले, तर ती काळजी मुळातच मिटते.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की तो दाबला जातो आणि काढल्याची वेळही त्यातून निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर दोन्ही टिकतं. त्याहून बरं म्हणजे फोटो एकाच फोनमध्ये, सीनप्रमाणे फोल्डर करून ठेवावेत. नाव असं द्या, म्हणजे शोधताना वेळ जाणार नाही:

```
S14_SH1_T3_END_SADI.jpg
```

कुंद्याचं मात्र फोटोने भागत नाही, हिशेब आधी करावा लागतो. मास्टरचे चार टेक, वडिलांच्या क्लोजचे चार, मुलीच्या क्लोजचे पाच, एकूण तेरा. प्रत्येक टेक सुरू होताना बशीत ५० ग्रॅम धरला तर ६५० ग्रॅम होतो. सांडणं आणि जादा टेक धरून एक किलो घ्या, आणि तो एकाच घाण्याचा घ्या. दूध किती आटवलं यावर कुंद्याचा रंग ठरतो. दुसऱ्या दिवशी नवीन आणलेला कुंदा फिका निघाला, तर क्लोजमध्ये तो लगेच कळतो.

क्रिया: इथे वहीला पर्याय नाही

मुलीने कप ठेवला हे फोटोत दिसेल. पण “उताऱ्यावर” या शब्दावर ठेवला की “नाव” या शब्दावर, ते दिसणार नाही. एडिटरला मास्टरमधून क्लोजमध्ये जायचं असतं ते बहुतेक अशाच हालचालीवर. मास्टरमध्ये कप “नाव” वर खाली जातो आणि क्लोजमध्ये “चढवलंय” संपल्यावर, तर कट मारला की कप दोनदा ठेवल्यासारखा दिसतो. मग एडिटरला तो शॉट टाळून वडिलांच्या चेहऱ्यावर थांबावं लागतं, आणि मुलीची प्रतिक्रिया, जिच्यासाठी सीन लिहिला, तीच हातची जाते.

म्हणून छापील स्क्रिप्टवर, त्या शब्दाच्या खाली पेन्सिलने रेघ मारून लिहायचं: “कप खाली, उजवा हात, कान तिच्याकडे.” पुढच्या शॉटआधी हे नटीला वाचून दाखवायला पाच सेकंद लागतात.

याच पानावर शॉटच्या उभ्या रेषाही ओढायच्या. शॉट जिथे सुरू झाला त्या ओळीपासून जिथे संपला तिथपर्यंत रेष, डोक्यावर शॉट नंबर. बोलणारा कॅमेऱ्यात असेल तिथे सरळ रेष, बाहेर असेल तिथे नागमोडी. पान एकदा बघितलं की कोणती ओळ कोणत्या शॉटमध्ये आहे आणि कोणती अजून कुठेच आलेली नाही, हे समजतं.

वहीचा दुसरा फायदा ओके टेकचा. चार टेक झाले, डिरेक्टरने तिसरा ओके केला, तर वहीत तीनवर गोल असतो. फोनमध्ये सर्वांत वर चौथ्याचे फोटो असतात, आणि घाईत माणूस तेच उघडतो. चौथ्या टेकला पदर घसरला होता, म्हणून दुसऱ्या दिवशी पदर घसरलेलाच लावला जातो. ही चूक नेहमीची आहे, आणि फोटो जितके जास्त तितकी ती जास्त होते. उपाय सोपा आहे. टेक ओके झाला की त्याच क्षणी त्याचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये टाका. बाकीचे पुसू नका, एडिटर कधी कधी दुसरा टेक उचलतो.

लुक: दोन्ही लागतात, पण आकडे वहीतच

मास्टरमध्ये वडील फ्रेमच्या डावीकडे आणि मुलगी उजवीकडे. म्हणजे वडिलांच्या क्लोजमध्ये लुक कॅमेरा राइट आणि खाली, मुलीच्या क्लोजमध्ये कॅमेरा लेफ्ट आणि वर. दोघांना जोडणाऱ्या इमॅजिनरी लाइनच्या एकाच बाजूला कॅमेरा राहिला पाहिजे. दुसऱ्या दिवशी तो पलीकडे गेला तर मुलगीही राइटलाच बघते, आणि दोघं एकाच तिसऱ्या माणसाकडे बघत असल्यासारखं वाटतं. वहीत वरून पाहिल्यासारखा साधा नकाशा काढा. दोन गोल, मध्ये रेष आणि कॅमेऱ्याचा त्रिकोण, एवढं पुरतं.

पण डावी-उजवी बाजू सांभाळूनही लुक चुकतो, तो कोनात. वडिलांच्या क्लोजला ५० ची लेन्स होती, कॅमेरा नटापासून १५० सेमी आणि समोर बसलेली मुलगी लेन्सपासून ३० सेमी बाजूला. हा कोन साधारण ११ अंशांचा होतो. दुसऱ्या दिवशी जागेच्या अडचणीमुळे ८५ ची लेन्स लावून कॅमेरा ३०० सेमीवर नेला, आणि नटीला बघायला खूण लेन्सपासून ३० सेमीवरच लावली, तर कोन जवळपास निम्मा होतो. ती जवळजवळ कॅमेऱ्यातच बघते आणि वडील मात्र बाजूला. प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण दोघं एकमेकांशी बोलत नाहीत हे जाणवतं.

यासाठी पहिल्या दिवशी, नट जायच्या आधी, टेपने चार मापं घेऊन ठेवा: वडिलांच्या डोळ्यांची जमिनीपासून उंची ११८ सेमी, मुलीची ७२, दोघांमधलं अंतर १५०, आणि खुर्चीच्या पायांच्या खुणा जमिनीवर. दुसऱ्या दिवशी खुर्चीच्या जागी स्टँड उभा करून ११८ सेमीवर टेपची फुली लावायची. कॅमेरा मागे गेला तरी फुली मागे न्यायची नाही. ती कॅमेऱ्याशेजारी ३०० सेमीवर नेली, तर वर बघण्याचा कोनही निम्म्यावर येतो आणि मुलगी खाली बसलीय हे नजरेतून पुसलं जातं. मग कॅमेरा फुलीच्या मानाने असा बसवायचा, की नटीच्या डोळ्यांपासून कॅमेरा आणि फुली यांच्यातला कोन ११ अंशांच्या आसपास येईल. फुलीपाशी कुणाला तरी बसवून संवाद वाचायला लावला तर नजर जिवंत राहते, पण वाचणाऱ्याचे डोळे फुलीच्या उंचीवरच हवेत.

मोबाइलचा इथला उपयोग म्हणजे मॉनिटरवरच्या ओके टेकचा फोटो. तो दुसऱ्या दिवशी मॉनिटरशेजारी धरून बुबुळं कुठे आहेत ते बघता येतं.

ऑनलाइन शीट

बेळगाव शहरात शूट असेल आणि सीन पन्नासच्या वर असतील, तर रात्री बसून शीट भरणं फायद्याचं. कथेतला दिवस कोणता आणि त्या दिवशी कोणते कपडे, हे शीटमध्ये पटकन शोधता येतं. सेटवर मात्र नको. खानापूरच्या जंगलपट्ट्यात रेंज येते-जाते, सिंक साउंडला फोन एअरप्लेनवर ठेवावे लागतात, आणि शीटवर टाइप करताना मान खाली जाते, नेमका तेव्हाच कप ठेवला जातो.

माणूस एकच असेल तर

फाइल त्याच्या हातात द्या आणि फोटोंचं काम ड्रेसमन व आर्टवाल्याकडे सोपवा. कपड्यांचे फोटो ड्रेसमनने, वस्तूंचे आर्टवाल्याने काढायचे, नावं फाइलवाल्याने द्यायची. क्लॅप मारणाऱ्याला हे काम देऊ नका. टेकच्या सुरुवातीला तो क्लॅप घेऊन फ्रेमबाहेर पळत असतो, आणि सुरुवातीची स्थिती बघायची ती त्याच वेळी. फाइल पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये ठेवा, शाईचं पेन वापरू नका, आणि पॅकअपनंतर त्या दिवसाच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून एडिटरला डॉक्युमेंट म्हणून पाठवा.