नुसत्या इमोजीची कमेंट आली तर हार्ट द्यायचं, इमोजी टाकायचा का शब्दात लिहायचं?

समजा तुम्ही शेंगा चटणीचा सहा-सात मिनिटाचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला, भाजलेल्या शेंगा, लसूण, तिखट, जिरं, मीठ, उखळात कुटून तेल सुटेपर्यंत सगळं नीट दाखवलं आणि संध्याकाळी कमेंट उघडल्या तर शब्द थोडे आणि 🔥🔥, ❤️, 🙏, 😂, 😭 हेच जास्त. आता यांना उत्तर द्यायचे मार्ग तीनच आहेत, कमेंटला हार्ट द्या, उलट इमोजी टाका, नाहीतर दोन शब्द लिहा. तिन्हीला लागणारा वेळ वेगळा आणि तिन्हीतून हाताला लागतं तेही वेगळं, म्हणून सगळ्यांना एकच पद्धत लावू नका एवढं मी आधीच सांगतो.

पहिल्यांदा एक गोष्ट बघायची, समोरच्यानं तो इमोजी शोधून टाकलाय का समोर होता म्हणून दाबलाय. इन्स्टाग्रामवर कमेंट बॉक्सच्या वरच ❤️ 🙌 🔥 👏 अशी तयार ओळ असते, बोट लागलं की काम झालं, त्यामुळं तिथला ❤️ किंवा 🔥 म्हणजे साधारण "बघितलं, आवडलं" एवढंच, त्यात फार अर्थ शोधत बसायचं कारण नाही. पण कोणी 🥜 टाकला, 🤤 टाकला किंवा 🌶️🌶️😭 अशी जोडी जुळवली तर तो माणूस कीबोर्डमध्ये जाऊन शोधून आलाय, त्याला काहीतरी म्हणायचंय, फक्त टाइप केलं नाही.

आणि टाइप का केलं नाही याचं आपल्या गावात एक खास कारण असतं जे पुण्या-मुंबईच्या टिप्समध्ये सापडत नाही. सोलापुरात घरात तेलुगू बोलणारे आहेत, कन्नड बोलणारे आहेत, उर्दू-दखनी बोलणारे आहेत, मराठी सगळ्यांना कळते, बोलतातही झकास, पण देवनागरीत टाइप करायचं म्हटलं की बरेचजण थांबतात. पूर्व भागातली एखादी मावशी तुमचा व्हिडिओ पूर्ण बघते आणि खाली 👌🙏 टाकून जाते, तिच्यासाठी ती पूर्ण कमेंट आहे, म्हणून "नुसता इमोजी टाकला, म्हणजे मनापासून नाही बघितलं" असं धरून चाललात तर तुमचे पक्के प्रेक्षकच तुम्ही हलक्यात घ्याल.

आता तिन्ही मार्ग शेजारी-शेजारी ठेवून बघू. हार्ट सगळ्यात स्वस्त, एका टचमध्ये होतं, यूट्यूबवर कमेंटखाली तुमच्या चॅनेलच्या फोटोसकट लाल हार्ट दिसतं आणि समोरच्यानं नोटिफिकेशन बंद केलं नसेल तर त्याला कळतं की तुम्ही वाचलं. ❤️, 🔥, 👏, 👍 एवढ्यांना हार्ट पुरे, खरंच पुरे. उलट इमोजी टाकणं मला यातलं सगळ्यात कमी कामाचं वाटतं, कारण 🔥 ला तुम्ही 🙏❤️ टाकलं की बोलणं तिथंच संपतं आणि खाली पन्नास ठिकाणी तेच 🙏❤️ दिसायला लागलं की बघणाऱ्याला वाटतं कॉपी-पेस्ट चाललंय. अपवाद एकच, 🙏. तो बहुतेक वेळा वयानं मोठी माणसं नमस्कार म्हणून टाकतात आणि नमस्काराला नमस्कार परत द्यायचाच असतो, तिथं नुसतं हार्ट कोरडं वाटतं, "नमस्कार काका 🙏" एवढं लिहा, झालं. नावावरून काका का मावशी कळत नसेल तर नुसतं "नमस्कार 🙏".

शब्दात उत्तर द्यायला वेळ जातो, म्हणून ते निवडक ठिकाणीच द्यायचं, पण जिथं द्याल तिथं प्रश्न असा टाका की समोरच्याला परत इमोजीनंच उत्तर देता येईल. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जो माणूस टाइप करायला कचरतो त्याला "कशी वाटली रेसिपी, सविस्तर सांगा" म्हणलं तर तो गप्पच बसणार. चटणीच्याच व्हिडिओवर 🔥🔥🔥 आला, आता याचा अर्थ "एक नंबर" पण होतो आणि "लई तिखट" पण होतो, तर लिहा, "तिखट जास्त वाटलं का बरोबर होतं? जास्त असेल तर 🌶️, बरोबर असेल तर 👍". अशी दहा-पंधरा उत्तरं आली की पुढच्या व्हिडिओत तिखटाचं प्रमाण चमच्यात सांगायचं का नाही हे तुम्हाला आपोआप कळतं. 😭 ला पण असंच. खाण्याच्या व्हिडिओखाली तो रडका चेहरा म्हणजे बहुतेक वेळा बाहेरगावी राहणाऱ्याची हळहळ असते, कधी कधी पोरं हसून हसून पण तोच टाकतात, म्हणून "गावची आठवण आली का?" एवढंच विचारा, कुठं राहता, कुठं नोकरी असलं चारचौघात विचारू नका.

सगळ्यात जास्त गोंधळ 😂 चा होतो, आणि पोरांच्या 💀 चा, जो बघून घरातली मोठी माणसं घाबरतात पण हल्ली त्याचा अर्थ "हसून मेलो" एवढाच असतो. तुम्ही मन लावून रेसिपी सांगितली आणि खाली सात-आठ 😂 आले तर चिडून डिलीट करू नका, आधी शोधा हसले कुठं. यूट्यूब स्टुडिओत त्या व्हिडिओच्या ॲनालिटिक्समध्ये प्रेक्षक किती वेळ टिकले याचा ग्राफ असतो, तो साधारण खाली खाली जातो, पण मध्येच कुठं उंचवटा दिसला तर तेवढा भाग लोकांनी बहुतेक वेळा मागं घेऊन परत बघितलेला असतो. समजा उंचवटा २:४० ला आहे आणि तिथं जाऊन बघितलं तर कुटताना उखळ सरकलं आणि तुमच्या तोंडून "अगंबाई!" निघालं, एडिटिंगमध्ये ते राहून गेलं, तर 😂 तिथलं आहे, टिंगल नाहीये, उलट त्या कमेंटला "२:४० ना? 😄" असं उत्तर द्या, तो आकडा लिंक होतो आणि न बघितलेले पण तिथं जाऊन बघतात. व्हिडिओला व्ह्यूज कमी असतील तर हा ग्राफ येतच नाही, मग सरळ विचारायचं, "कुठल्या सीनला हसलात?" आणि ग्राफमध्ये कुठंच उंचवटा नाही, हसण्यासारखं काही नाही, वर 🤡 किंवा 🤮 पण सोबत आहे, तर ती टिंगलच, तिला हार्ट नको, उत्तर पण नको. एखादा इमोजी सारखा त्रास द्यायलाच वापरला जात असेल तर इन्स्टाग्रामवर लपवायच्या शब्दांच्या यादीत इमोजी पण टाकता येतो, पण 😂 तिथं टाकू नका, चांगल्या कमेंट पण जातील.

राहिले बॉट. व्हिडिओ पडल्या पडल्या, पूर्ण बघून व्हायच्या आतच ❤️😍💋 आलं, प्रोफाइलवर भडक फोटो, चॅनेल उघडलं तर स्वतःचं काहीच नाही नाहीतर नुसती कुठलीतरी लिंक, तर ते माणूस नाही असं धरा. त्याला चुकूनसुद्धा हार्ट देऊ नका, कारण तुमचं हार्ट बघून तुमचा प्रेक्षक त्या प्रोफाइलवर विश्वासानं जातो आणि तिथली लिंक दाबतो. कमेंटच्या तीन टिंबांवर दाबून Hide user from channel करायचं, म्हणजे त्याच्या पुढच्या कमेंट पण तुमच्या चॅनेलवर कोणाला दिसत नाहीत. फक्त एक बघा, नवीन अकाउंट म्हणजे बॉटच असं नाही, नातवानं नुकताच मोबाइल सेट करून दिलेल्या आजोबांचं अकाउंट पण रिकामंच असतं, फोटो नसतो, नाव अर्धवट असतं, अशा ठिकाणी लिंक नाही ना एवढं बघून घ्या आणि नमस्कार लिहून टाका.